धागा: एकाच प्रक्रिया-आकृतीच्या दोन आवृत्त्यांमध्ये नेमके काय बदलले, ते कसे लिहावे?

दुग्धरेषा (धागाकर्ती)

मी एका दूध संघाच्या प्रक्रिया केंद्रात गुणवत्ता विभागात काम करते. गावोगावच्या शीतकरण केंद्रांतून टँकरने आलेले दूध आमच्या डॉकवर स्वीकारले जाते. या स्वीकृतीची एक प्रक्रिया-आकृती आहे आणि तिची तिसरी आवृत्ती गेली काही वर्षे वापरात होती. गेल्या महिन्यात प्रकल्प विभागाने चौथी आवृत्ती काढून भिंतीवर लावली, पण काय बदलले याची नोंद सोबत दिली नाही. ती नोंद आता मला तयार करायची आहे आणि तीत पायऱ्या, क्रम व जबाबदारी असे तिन्ही प्रकारचे बदल यायला हवेत. आमच्या व्यवस्थापकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि "दोन्हींत बाराच चौकटी आहेत, मांडणी तेवढी सुबक केलेली दिसते," असे म्हणून विषय संपवला. मला मात्र तसे वाटत नाही.

जुन्या आकृतीतील चौकटी व कंसात त्यांचे पट्टे, म्हणजे ते काम कोणाकडे आहे, असे आहेत: १ फाटकावर नोंद व सील तपासणी (सुरक्षा), २ भरलेल्या टँकरचे वजन (वजनकाटा), ३ दूध ढवळणे (संकलन), ४ नमुना घेणे (प्रयोगशाळा), ५ तापमान, रंग व वास (प्रयोगशाळा), ६ आम्लता, अल्कोहोल व सीओबी म्हणजे उकळल्यावर दूध फाटते का ते (प्रयोगशाळा), ७ फॅट व एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ (प्रयोगशाळा), ८ स्वीकार की नकार (गुणवत्ता प्रमुख), ९ दूध सायलोत उतरवणे (संकलन), १० रिकाम्या टँकरचे वजन (वजनकाटा), ११ टँकर धुणे (संकलन), १२ बाहेर जाण्याची परवानगी (सुरक्षा).

नवीन आकृती अशी आहे: १ फाटकावर नोंद (सुरक्षा), २ भरलेल्या टँकरचे वजन (वजनकाटा), ३ सील तपासणी (संकलन), ४ नमुना घेणे (संकलन), ५ प्राथमिक तपासणी (प्रयोगशाळा), ६ फॅट व एसएनएफ (प्रयोगशाळा), ७ स्वीकार की नकार (पाळीप्रमुख), ८ प्रतिजैविक अंश तपासणी (प्रयोगशाळा), ९ दूध सायलोत उतरवणे (संकलन), १० टँकर धुणे (संकलन), ११ रिकाम्या टँकरचे वजन (वजनकाटा), १२ बाहेर जाण्याची परवानगी (सुरक्षा).

क्रमांकाला क्रमांक लावून तक्ता केला, तेव्हा १, ३, ५, ६, ७, ८, १० आणि ११ या आठ पायऱ्या बदललेल्या दिसल्या. हे मला पटत नाही, कारण फॅटची तपासणी जशी होती तशीच आहे, फक्त सातवी होती ती सहावी झाली आहे. अशी तुलना करण्याची योग्य रीत कोणती?

यंत्रबंधू

आकृती काढण्यासाठी सशुल्क प्रणाली घेण्याची मुळीच गरज नाही. विनामूल्य साधनांतही पट्टे, चौकटी आणि निर्णयाचे समभुज चौकोन उत्तम काढता येतात. प्रत्येक विभागाला वेगळा फिकट रंग द्यावा आणि बाण शक्यतो एकमेकांना छेदणार नाहीत असे पाहावे. आपल्याला हवा असल्यास मी एक कोरा साचा देऊ शकेन.

दुग्धरेषा

धन्यवाद, पण आकृती काढून झालेली आहे. माझा प्रश्न दोन तयार आकृत्यांमधला फरक शब्दांत लिहिण्याचा आहे.

निळीशाई

यासाठी सर्वांत सोपा उपाय मी नेहमी वापरतो. जुन्या आकृतीची छापील प्रत लाल रंगात आणि नवीन आकृतीची निळ्या रंगात काढावी, दोन्ही पारदर्शक करून एकमेकींवर ठेवाव्यात. जे जुळते ते काळपट दिसते आणि जे बदलले ते लाल किंवा निळे उठून दिसते. इमारतीच्या नकाशांत आम्ही सर्व बदल असेच पकडतो.

कागदोपत्री

निळीशाई, इमारतीच्या नकाशात भिंत चार इंच सरकली तर तो खरोखरच बदल असतो, कारण तिथे जागा हाच अर्थ असतो. प्रक्रिया-आकृतीत चौकट चार इंच सरकली तरी तिचे बाण व पट्टा तेच असतील तर काहीही बदललेले नसते. उलट एखादी चौकट जागच्या जागी राहून तिच्यातून निघणाऱ्या बाणाचे टोक दुसरीकडे गेले, तर रंगांच्या खेळात ती एक बारीक रेघ दिसेल आणि प्रत्यक्षात तोच सर्वांत मोठा बदल असेल. आपली रीत चुकीची नाही, काही सुटले नाही ना हे शेवटी पाहण्यासाठी तिचा उपयोग होतो. सुरुवात मात्र तिने करू नये.

दुग्धरेषाताई, मी बरीच वर्षे अन्नप्रक्रिया उद्योगांत व्यवस्था-परीक्षणाचे काम केले आहे. आपल्या तक्त्याचा दोष तुलनेत नाही, जोड्या लावण्यात आहे. क्रमांक हा त्या पायरीचा पत्ता आहे, तिची ओळख नव्हे. नावही पुरेशी ओळख नव्हे, कारण नावे बदलतात. मी ओळख ठरवतो ती त्या पायरीतून काय बाहेर पडते यावरून, म्हणजे ती पायरी झाल्यावर कोणत्या नोंदवहीत किंवा चिठ्ठीवर काय लिहिले जाते यावरून. काट्याची चिठ्ठी, नमुन्याच्या बाटलीवरचा क्रमांक, प्रयोगशाळेच्या नोंदवहीतले रकाने, सीलच्या क्रमांकाची नोंद अशा गोष्टी समोर ठेवा आणि जुन्या आकृतीतील प्रत्येक नोंद नव्या आकृतीतील कोणत्या चौकटीत जन्माला येते ते शोधा. अशा जोड्या लावल्यानंतरच क्रम आणि जबाबदारी यांना हात घालावा.

हे केल्यावर आपल्या "बाराला बारा" चा उलगडाही होईल, असा माझा अंदाज आहे.

चाकणकर

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे आणि आमच्याकडे हा प्रश्न उद्भवतच नाही. पायऱ्यांना १०, २०, ३० असे क्रमांक दिलेले असतात. मध्ये पायरी आली तर ती २५ होते आणि रद्द झालेला क्रमांक पुन्हा कोणालाही दिला जात नाही. संभाव्य दोषांचे विश्लेषण आणि नियंत्रण-आराखडा हे दोन्ही कागद त्याच क्रमांकांवर बेतलेले असल्यामुळे क्रमांक हलवण्याची कोणाची छातीच होत नाही. ही शिस्त पाळली की तुलना आपोआप होते. त्यामुळे आपल्या आकृतीला आधी असे क्रमांक देऊन टाका.

कागदोपत्री

शिस्त चांगली आहे आणि चौथ्या आवृत्तीपासून ती जरूर लावावी. परंतु तिसऱ्या व चौथ्या आवृत्तीची तुलना आज करायची आहे आणि तिथे ते क्रमांक नाहीत. शिवाय "तुलना आपोआप होते" हे अर्धेच खरे आहे. आपल्याकडे पायरी ४० ही ३० च्या आधी करायचे ठरले तर क्रमांक तेच राहतील, चौकटी त्याच राहतील, आणि यादीला यादी लावणाऱ्याला काहीच दिसणार नाही. स्थिर क्रमांकाने ओळख टिकते, पण क्रम त्याला बाणांवरूनच वाचावा लागतो. जबाबदारीचेही तसेच आहे.

चाकणकर

क्रम बदलल्यास आम्ही क्रमांक बदलतो. निदान बदलायला हवा असे मानतो. हे बोलताना लक्षात आले की गेल्या वर्षी धुलाईची एक पायरी तपासणीच्या पुढे गेली, तेव्हा क्रमांक कोणी बदलल्याचे मला आठवत नाही. सोमवारी पाहतो.

दुग्धरेषा

कागदोपत्री काका, आपण म्हणालात तसे नोंदींवरून जोड्या लावल्या आणि चित्र बरेच स्वच्छ झाले.

जुनी पहिली चौकट दुभंगली आहे. गाडीची नोंद फाटकावरच राहिली आणि सीलच्या क्रमांकाची पडताळणी नवीन तिसऱ्या चौकटीत गेली. जुनी पाचवी आणि सहावी चौकट मिळून नवीन "प्राथमिक तपासणी" झाली, कारण प्रयोगशाळेच्या नोंदवहीत तापमान, वास, आम्लता, अल्कोहोल आणि सीओबी हे सगळे रकाने अजून आहेत. प्रतिजैविक अंशाची तपासणी पूर्णपणे नवीन आहे. "दूध ढवळणे" या जुन्या तिसऱ्या चौकटीला मात्र नवीन आकृतीत जोडीदार सापडत नाही. म्हणजे एक दुभंगल्याने चौकटींची संख्या एकाने वाढली, दोन एकत्र आल्याने एकाने घटली, एक नवीन आली, एक गेली, आणि बेरीज पुन्हा बारा झाली.

आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि मला स्वतःचाच राग आला. माझ्या पहिल्या तक्त्यात चौथी पायरी "बदल नाही" या रकान्यात होती, कारण दोन्हीकडे क्रमांक चार आणि शब्द "नमुना घेणे" हेच होते. प्रत्यक्षात ते काम प्रयोगशाळेकडून संकलन विभागाकडे गेले आहे. आठ बदल दिसले आणि हा खरा बदल दिसलाच नाही.

आता अडचण ढवळण्याची आहे. ही पायरी रद्द झाली असे लिहू, की नमुना घेण्यात सामावली असे लिहू? ढवळण्याची वेगळी नोंद आमच्याकडे कधीच नव्हती, त्यामुळे आपली कसोटी इथे चालत नाही.

कागदोपत्री

खरे आहे, जिथे नोंदच नाही तिथे माझी कसोटी लंगडी पडते. अशा वेळी दोनच मार्ग उरतात. नमुना घेण्याची लेखी कार्यपद्धती उघडून तिच्यात ढवळण्याचे वाक्य आहे का ते पाहावे, आणि डॉकवर उभे राहून माणसे प्रत्यक्ष काय करतात ते पाहावे. वाक्य आहे आणि कामही होते आहे, तर "सामावली" असे लिहावे. वाक्य नाही, तर लोक आज सवयीने ढवळत असले तरी "आकृतीतून वगळली, कार्यपद्धतीत आधार नाही" असेच लिहावे. सवयीचा माणूस रजेवर गेला की ती पायरी त्याच्यासोबत रजेवर जाते.

आपल्या धंद्यात ही चौकट किरकोळ नाही, हे मी आपल्याला सांगायला नको. टँकर रांगेत तासभर उभा राहिला की स्निग्धांश वर चढतो. न ढवळता वरच्या झाकणातून घेतलेल्या नमुन्यात फॅट जास्त येते आणि खालच्या तोटीतून घेतलेल्यात कमी. प्रयोगशाळेने त्यानंतर कितीही काळजीने काम केले तरी आकडा बाटलीतल्या दुधाचा असतो, टँकरमधल्या दुधाचा नसतो.

सुलभा_ठाणे

विषय दुधाचा असला तरी मला आमच्या रुग्णालयाची आठवण झाली. रक्ताचे नमुने गोळा करण्याच्या आकृतीत "नळीवर नावाची पट्टी लावणे" ही चौकट होती. नवीन आवृत्तीत ती "नमुना घेणे" या चौकटीत सामावली असे सर्वांनी गृहीत धरले. आधी परिचारिका रुग्णाच्या खाटेजवळच पट्टी लावत असे. नवीन आकृतीनंतर काही जणी सर्व नळ्या घेऊन टेबलाशी येऊन पट्ट्या लावू लागल्या, कारण खाटेजवळ लावायची हे सांगणारी चौकटच उरली नव्हती. दोन नळ्यांची अदलाबदल झाल्यावर हे उघड झाले. सुदैवाने रक्तगट जुन्या नोंदीशी जुळला नाही म्हणून वेळीच कळले. त्यामुळे "सामावली" हा शब्द लिहिण्याआधी ती कुठे आणि केव्हा होते, हेही पाहावे असे मला वाटते.

मिती

मी प्रणाली-विकसक आहे, दुधातले मला काही कळत नाही. पण क्रमाच्या बदलाबद्दल एक सुचवते. मूळ आकृतीची `.drawio` फाईल उपलब्ध असेल तर ती आतून सहसा मजकूरच असते. प्रत्येक बाणाला `source` आणि `target` असे दोन गुणधर्म असतात, म्हणजे बाण कुठून निघाला आणि कुठे पोहोचला हे डोळ्यांनी ताडण्याची गरज नाही. तुम्ही लावलेल्या जोड्यांनुसार दोन्ही आवृत्त्यांत पायऱ्यांना सारखीच सांकेतिक नावे द्या, एका ओळीत एक बाण अशा दोन याद्या करा, आणि दोन्हींत समान असलेल्या ओळी वगळून उरलेल्या पाहा.

```
sort juna.txt > j.txt
sort nava.txt > n.txt
comm -3 j.txt n.txt
```

तुमच्या आकृतीच्या शेवटच्या भागासाठी उत्तर साधारण असे येईल. डावीकडच्या ओळी फक्त जुन्या आवृत्तीतल्या, उजवीकडे सरकलेल्या फक्त नवीन आवृत्तीतल्या.

```
DHUNE>BAHER
	DHUNE>RIKAME_VAJAN
	RIKAME_VAJAN>BAHER
RIKAME_VAJAN>DHUNE
	UTARAVNE>DHUNE
UTARAVNE>RIKAME_VAJAN
```

ओळींचा क्रम तुमच्या संगणकावर थोडा वेगळा येऊ शकतो. इथे लक्षात घेण्यासारखे असे की शेजारच्या दोनच पायऱ्यांची अदलाबदल झाली, तरी तीन बाण गेले आणि तीन आले. म्हणून हे उत्तर जसेच्या तसे नोंदीत चिकटवू नका. त्यावरून "आधी रिकामे वजन, मग धुणे, आता आधी धुणे, मग रिकामे वजन" असे एकच वाक्य माणसानेच लिहावे लागते. धुणे वर सरकले की वजन खाली गेले, हा वाद घालू नये, दोन्ही सारखेच खरे आहे.

एक सापळाही सांगते. काही बाण चौकटीला टेकलेले दिसतात, पण प्रत्यक्षात जोडलेले नसतात. अशा बाणाला `target` नसतो. असे किती आहेत ते आधी मोजा.

दुग्धरेषा

मितीताई, फाईल मिळाली. न जोडलेले दोन बाण होते, ते आकृती काढणाऱ्या अभियंत्याला विचारून नक्की केले. पण यादीतून जे बाहेर आले त्याने मी अस्वस्थ आहे.

नमुना घेण्यापासून दोन बाण निघतात. एक प्राथमिक तपासणीकडे जातो आणि तिथून फॅट, मग निर्णय, मग उतरवणे अशी साखळी चालते. दुसरा प्रतिजैविक तपासणीकडे जातो. त्या तपासणीतून निघणारा बाण निर्णयाकडे जात नाही आणि उतरवण्याकडेही जात नाही. तो कागदाच्या कडेने खाली उतरून थेट बाराव्या चौकटीला, म्हणजे बाहेर जाण्याच्या परवानगीला, जाऊन मिळतो. चौकटीला आठ क्रमांक आहे आणि उतरवण्याला नऊ, त्यामुळे क्रमांकांच्या यादीत ही तपासणी उतरवण्याच्या आधी होते असेच वाटते. मीही तसेच समजत होते.

अभियंत्याचे म्हणणे असे की अहवाल येईपर्यंत टँकर आवाराबाहेर सोडायचा नाही, हाच हेतू होता. पण तोपर्यंत त्यातले दूध सायलोत गेलेले असेल. अहवाल सदोष आला तर १० हजार लिटरचा एक टँकर परत पाठवण्याऐवजी, ज्यात आधीच चार टँकरचे दूध आहे अशा सायलोचे काय करायचे हा प्रश्न उभा राहील. रिकामा टँकर अडवून ठेवून काय मिळणार?

कागदोपत्री

यासाठीच बाण वाचायचे असतात. आपल्या नोंदीत "एक पायरी वाढली" एवढेच आले असते, तर वाचणाऱ्याला ती सुधारणा वाटली असती. नोंद अशी असावी: "प्रतिजैविक अंश तपासणी ही नवीन पायरी नमुना घेतल्यानंतर सुरू होते, तिचा निकाल स्वीकार-नकाराच्या निर्णयात येत नाही, दूध उतरवणे तिच्यासाठी थांबत नाही." तिसरे अर्धवाक्य महत्त्वाचे आहे, कारण आकृतीत नसलेला बाण कोणाला दिसत नाही, तो लिहूनच दाखवावा लागतो.

निळीशाई

पट्टीवर करायची तपासणी दहा-पंधरा मिनिटांत होते ना? मग वेळ वाचवण्यासाठी ती बाजूला ठेवण्याचे कारणच काय? फॅट काढायलाही तेवढा वेळ जातोच.

दुग्धरेषा

आपले म्हणणे रास्त आहे. दोन्ही तपासण्या एकाच वेळी सुरू केल्या आणि दोन्हींचे बाण निर्णयाकडे वळवले तर डॉकवर फारसा उशीर होणार नाही. मी तशी सूचना लिहिणार आहे. मात्र ती बदलांच्या यादीत न घालता स्वतंत्र देईन, नाहीतर काय बदलले आणि मला काय बदलून हवे याची सरमिसळ होईल.

रानवारा

मी हा धागा सुरुवातीपासून वाचत आहे. आमच्या गावच्या शीतकरण केंद्राचा हिशेब मी पाहतो आणि आमचाही टँकर एका मोठ्या डेअरीला जातो. धुण्याच्या आणि वजनाच्या अदलाबदलीवर वर फक्त उदाहरण म्हणून चर्चा झाली, पण आमच्यासाठी सगळे तिथेच आहे. धुतल्यानंतर टँकरमध्ये थोडे पाणी राहते. गाडी किंचित उतारावर उभी असली आणि तोटी सखल बाजूला नसली तर चांगले बादलीभर, दोन बादल्या राहते. रिकाम्या टँकरचे वजन त्यानंतर घेतले की ते पाणी टँकरच्या वजनात धरले जाते आणि तेवढे दूध आमच्या खात्यातून वजा होते. समजा भरलेला टँकर १८,४२० किलो भरला. धुण्याआधी रिकामा ८,११० भरला असता तर दूध १०,३१० किलो झाले असते. धुतल्यावर तोच ८,१५० भरला तर दूध १०,२७० किलो होते. चाळीस किलो गेले. किलोला ३५ रुपये दर धरला तर एका खेपेला १,४०० रुपये झाले, आणि खेप रोज असते.

चाकणकर

पण टँकर पूर्ण रिता झाला नसेल तर जुन्या क्रमातही तुमचेच नुकसान होते की. तळाशी राहिलेले दूध रिकाम्या टँकरच्या वजनात जाते.

रानवारा

होय, पण ते दूध डोळ्यांना दिसते. चालक झाकण उघडून दाखवतो आणि पुन्हा तोटी उघडायला लावतो. पाणी राहिल्याची तक्रार कोण ऐकणार?

कागदोपत्री

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोन्ही क्रमांत चूक वेगवेगळ्या खिशाला लागते. आधी वजन घेतले तर तळाचे दूध पुरवठादाराच्या हिशेबातून जाते, पण वजन नेहमीपेक्षा जास्त दिसल्यामुळे टँकर नीट रिता झाला नाही हे लगेच कळते. आधी धुतले तर ते दूध पाण्याबरोबर गटारात जाते, आणि संघाने त्याचे पैसे मोजलेले असूनही कोणाला पत्ता लागत नाही. राहिलेले पाणी मात्र पुरवठादाराच्या माथी बसते. दुग्धरेषाताई, क्रमबदलाच्या नोंदीत अदलाबदल एवढेच न लिहिता, निव्वळ वजनाचा अर्थ बदलला असे लिहिता येईल का ते पाहा. आधी "उतरवलेले दूध" मोजले जात होते, आता "टँकरमधले दूध उणे उरलेले पाणी" मोजले जाते.

दुग्धरेषा

हा बदल मुद्दाम केला आहे की चित्र काढताना झाला आहे, हे मी विचारले. उत्तर असे मिळाले की धुण्याची जागा डॉकला लागून आहे आणि काटा फाटकाजवळ आहे, त्यामुळे जुन्या क्रमात गाडी काट्यावर जाऊन पुन्हा धुण्यासाठी मागे यायची. ती फेरी वाचवली. म्हणजे बदल मुद्दाम केलेला आहे, परंतु वजनाचा विचार त्यात नव्हता.

आता जबाबदारीकडे येते. तिथे दोन बदल निश्चित आहेत. सील तपासणी सुरक्षेकडून संकलनाकडे आणि निर्णय गुणवत्ता प्रमुखांकडून पाळीप्रमुखांकडे गेला आहे. नमुना घेण्याच्या चौकटीबद्दल मात्र घोळ आहे. छापील कागदावर ती संकलन आणि प्रयोगशाळा या दोन पट्ट्यांच्या रेषेवर बसली आहे, थोडी इकडे, थोडी तिकडे. मी ती संकलनात धरली, कारण तिचा मोठा भाग तिकडे आहे.

मिती

फाईलमध्ये त्या चौकटीचा `parent` पाहा. पट्टा खऱ्या अर्थाने पट्टा म्हणून काढला असेल, तर चौकट कोणाच्या पोटात आहे ते तिथे कळते.

दुग्धरेषा

पाहिले. `parent` संकलनाचा पट्टा आहे.

कागदोपत्री

ते पुरावा म्हणून ठेवा, निर्णय म्हणून नको. माऊसने ओढताना चौकट कोणत्या पट्ट्यात सुटली एवढेच ते सांगते. रेषेवरची चौकट दिसली की मी दोन प्रश्न विचारतो: बाटली हातात कोण धरतो, आणि नमुना चुकीचा निघाला तर उत्तर कोण देतो? पुष्कळदा ही दोन माणसे वेगळी असतात. आकृतीत एकच पट्टा असल्यामुळे दुसरा माणूस नाहीसा होतो. आपल्याकडे संकलनाचा कामगार नमुना काढत असेल आणि उत्तर प्रयोगशाळेनेच द्यायचे असेल, तर काम सरकले, जबाबदारी सरकली नाही. तसे दोन रकान्यांत लिहावे.

निर्णयाच्या चौकटीबद्दल मला अधिक चिंता वाटते. पाळीप्रमुख उत्पादनाचा आहे ना? सायलो रिकामा आणि पाश्चरायझर थांबलेला असताना त्याच माणसाने टँकर नाकारायचा, ही अपेक्षा जड आहे.

निळीशाई

रात्री दोन वाजता आलेला टँकर गुणवत्ता प्रमुख सकाळी येईपर्यंत उभा ठेवायचा का? दूध तोपर्यंत थांबेल का? व्यवहारात तो निर्णय पाळीप्रमुखच घेत असणार. नवीन आकृतीने खरे ते लिहिले, असे मला वाटते.

दुग्धरेषा

दोन्ही बाजू आमच्या बैठकीतही निघाल्या आणि एकमत झाले नाही. रात्री पूर्वीही दूरध्वनीवरून परवानगी घेतली जात असे आणि नोंदवहीत सकाळी सही होत असे. म्हणजे जुनी आकृती रात्रीपुरती खोटी होती. मी यादीत "जबाबदारी बदलली" असे लिहिले आहे आणि शेरा दिला आहे की रात्रपाळीत प्रत्यक्ष व्यवहार आधीपासूनच वेगळा होता. निर्णय वरिष्ठांकडे प्रलंबित आहे.

ढवळण्याचा शोधही लागला. नमुना घेण्याच्या कार्यपद्धतीत ढवळण्याचे वाक्य आहे, पण ती कार्यपद्धती प्रयोगशाळेची आहे आणि संकलनाच्या कामगारांना ती कधी दिलेली नाही. डॉकवर दोन दिवस उभी राहिले. दिवसपाळीचा जुना कामगार प्लंजरने प्रत्येक कप्पा नीट ढवळतो. दुसरा मुलगा नवीन आहे, त्याने झाकण उघडले आणि डबा बुडवला. म्हणून "सामावली" असे लिहिण्याची माझी तयारी नाही. "वगळली, ज्या कार्यपद्धतीत आधार आहे ती नवीन जबाबदार विभागाकडे नाही" असे लिहिले आहे.

सुलभा_ठाणे

अगदी आमच्यासारखेच झाले. पायरी एका विभागाच्या कागदात राहिली आणि काम दुसऱ्या विभागाकडे गेले.

कागदोपत्री

एक राहिले. अन्नसुरक्षेच्या पद्धतीत आकृती काढल्यानंतर ती जागेवर जाऊन पडताळणे ही स्वतंत्र पायरी आहे, आणि आकृती बदलल्यावर ती पुन्हा करावी लागते. चौथ्या आवृत्तीची तशी पडताळणी झाल्याची सही आहे का?

दुग्धरेषा

नाही. सहीची चौकट आहे, ती रिकामी आहे. हाही यादीत मुद्दा झाला.

रानवारा

ताई, आमचा टँकर तुमच्याच संघाला येतो की दुसरीकडे, हे मी विचारत नाही. पण धुतल्यावर किती पाणी राहते, हे कोणी मोजले आहे का? माझा आकडा अंदाजाचा होता.

दुग्धरेषा

आज मोजले. तीन टँकरांचे रिकामे वजन धुण्याआधी आणि धुतल्यानंतर असे दोनदा घेतले. दोन्ही वेळा चालक खाली उतरलेला होता. आमचा काटा १० किलोच्या टप्प्यांत वजन दाखवतो, त्यामुळे बारीक फरक त्यात कळत नाही. पहिल्या टँकरला २० किलो वाढले, दुसऱ्याला ५०. तिसऱ्याला वाढण्याऐवजी ३० किलो कमी भरले. त्याच्या मागच्या कप्प्याची तोटी अर्धवट उघडली होती आणि त्यातले दूध धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून गेले होते. तिन्ही चिठ्ठ्या यादीला जोडल्या आहेत.